मेडिक्लेमची कंपनी बदलतेय? सूचनेची सुरुवात ३१ ऑक्टोबरच्या रात्री अ‍ॅडमिट असलेल्या पेशंटपासून करा

प्रश्न: वाळूज एमआयडीसीत आमचा सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. दोनशेच्या आसपास लोक आई-वडिलांसह ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत. १ नोव्हेंबरपासून विमा कंपनी आणि तिच्या वतीनं क्लेम हाताळणारी टीपीए दोन्ही बदलत आहेत. फलकावर लावायला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला मला मराठीत सूचना लिहायची आहे. कव्हरेजमधला फरक, क्लेमची पद्धत आणि नेटवर्क हॉस्पिटल हे सगळं त्यात कसं मांडू? नव्या कंपनीनं दिलेला इंग्रजी मसुदा आमच्या लोकांना कळण्यातला नाही.

उत्तर:

सूचना फलकावर लावण्याआधी नव्या कंपनीकडून दोन कागद मिळवा. एक हप्ता मिळाल्याची पावती आणि दुसरी कव्हर कधीपासून सुरू होतं ते लिहिलेली कव्हर नोट. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता आधी मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम घेता येत नाही. दर ठरला, ईमेलवर होकार आला, पण अकाउंट्सकडून पैसे दोन दिवस उशिरा गेले, तर त्या दोन दिवसांत दोनशे कुटुंबांना कोणतंच कव्हर नसतं. कव्हर नोटवर तारखेसोबत वेळही बघा. जुनी पॉलिसी ३१ तारखेच्या मध्यरात्री संपत असेल तर नवी तिथूनच सुरू व्हायला हवी.

आता सूचनेकडे येतो. मी ग्रुप पॉलिसींचंच काम करतो. कंपन्यांचे तयार मसुदे मी भरपूर पाहिले आहेत आणि त्यातले बहुतेक ‘कळवण्यास आनंद होतो’ असे सुरू होऊन नव्या कंपनीच्या कौतुकातच अर्धं पान घालवतात. तुमच्या माणसाला मात्र आधी एवढंच विचारायचं असतं: माझं आत्ता चालू असलेलं काम अडकणार का? कुणाच्या वडिलांचं डायलिसिस चालू असतं, कुणाच्या बायकोला नववा महिना लागलेला असतो, कुणी परवाच डिस्चार्ज घेऊन आलेला असतो. म्हणून सूचनेचा पहिला परिच्छेद बदलाच्या तारखेचा असू द्या. तो साधारण असा लिहा:

‘३१ ऑक्टोबरला किंवा त्याआधी अ‍ॅडमिट झालेल्या पेशंटचा पूर्ण क्लेम जुन्या कंपनीकडे जाईल, डिस्चार्ज नोव्हेंबरमध्ये झाला तरी. १ नोव्हेंबरला किंवा नंतर अ‍ॅडमिट होणाऱ्या पेशंटचा क्लेम नव्या कंपनीकडे जाईल. अ‍ॅडमिट झाल्याची तारीख धरायची, डिस्चार्जची नाही.’

ग्रुप पॉलिसींत हाच नियम असतो, तरी दोन्ही कंपन्यांकडून तो ईमेलवर लिहून घ्या. पेशंट ३० तारखेला अ‍ॅडमिट झाला आणि ४ तारखेला सुटला की हॉस्पिटलच्या टीपीए खिडकीवरचा माणूस गोंधळतो. नवं कार्ड समोर आलं की तो नव्या टीपीएकडे कागद पाठवतो आणि तिथून ‘या तारखेला सभासद नाही’ असं उत्तर येतं. अशा वेळी नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये जुनं कार्ड नसेल तर अर्धा दिवस जातो. म्हणून ‘जुनं कार्ड डिलीट करू नका’ असं सूचनेत ठळक लिहा. जुन्या टीपीएचं अ‍ॅप पॉलिसी संपल्यावर किती दिवस उघडेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे जुन्या क्लेमची पत्रं आणि मंजुरीचे कागद ऑक्टोबरमध्येच डाउनलोड करायला सांगा.

या एका नियमातून निघणाऱ्या चार गोष्टी लोकांना आपणहून सुचत नाहीत, त्या लिहाव्या लागतात. डिस्चार्जनंतरची औषधं आणि तपासण्या, बहुतेक पॉलिसींत ६० दिवसांपर्यंतच्या, मूळ क्लेमसोबतच जातात. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅडमिट झालेल्या माणसाची डिसेंबरमधली फॉलोअपची बिलं जुन्याच कंपनीकडे पाठवायची. दुसरी गोष्ट डायलिसिस आणि केमोची. प्रत्येक सिटिंग हे वेगळं अ‍ॅडमिशन धरलं जातं, म्हणून १ नोव्हेंबरपासूनच्या सिटिंगला नव्या टीपीएची नवी मंजुरी लागेल. तिसरी, जुन्या कंपनीची मंजुरी हातात आहे पण ऑपरेशनची तारीख नोव्हेंबरची आहे, अशी मंजुरी निरुपयोगी ठरते आणि सगळा अर्ज नव्यानं करावा लागतो. चौथी बाळंतपणाची. ३१ च्या रात्री अ‍ॅडमिट झालेल्या बाईचं बाळ १ तारखेला पहाटे जन्मलं, तर बाळंतपणाचा क्लेम जुना, पण बाळाचं नाव नव्या पॉलिसीत घालायचं. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर त्याचा खर्च कोण देणार, हे त्या आठवड्यात बाळंतपणाची शक्यता असलेल्यांसाठी तुम्ही आधीच विचारून ठेवा. अशी तीन-चारच नावं असतील, त्यांना सूचनेवर न सोडता समोर बसवून सांगा.

कव्हरेजच्या फरकात मी एकच शिस्त पाळायला सांगेन: जे कमी झालंय ते आधी लिहा. वाढलेलं लोकांना उशिरा कळलं तरी काही बिघडत नाही. कमी झालेलं बिलाच्या खिडकीवर कळलं की तो माणूस सरळ तुमच्या केबिनमध्ये येतो. बहुतेक मसुद्यांत ‘विमा रक्कम पूर्वीप्रमाणेच ३ लाख’ असं मोठ्या अक्षरात असतं आणि खोलीभाड्याची मर्यादा तळाच्या टिपेत. पण बिल कापलं जातं ते त्या टिपेमुळे.

हिशोब करून दाखवतो. समजा जुन्या पॉलिसीत खोलीभाडं रोज ५,००० रुपयांपर्यंत होतं आणि आई-वडिलांना को-पे, म्हणजे मंजूर क्लेममधला स्वतः भरायचा ठरलेला वाटा, नव्हता. नव्या पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३ लाखांवर रोज ३,००० रुपये, आणि आई-वडिलांच्या क्लेमवर १० टक्के को-पे. विमा रक्कम दोन्हीकडे ३ लाखच. एका कामगाराच्या वडिलांचं पित्ताशयाचं ऑपरेशन शहरातल्या हॉस्पिटलमध्ये होतं, सवयीनं ५,००० ची खोली घेतली जाते आणि पाच दिवस मुक्काम पडतो. बिल असं येतं: खोली २५,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी आणि डॉक्टरांच्या व्हिजिट मिळून ७०,०००, औषधं आणि साहित्य ३२,०००, तपासण्या १३,०००, आणि विम्यात न बसणाऱ्या किरकोळ वस्तू ४,०००. एकूण १,४४,०००.

जुन्या पॉलिसीत ४,००० खिशातून जायचे आणि १,४०,००० कंपनी द्यायची. नव्या पॉलिसीत खोलीचे रोज ३,००० प्रमाणे १५,००० मिळतात. लोकांना वाटतं, गेले ते वरचे १०,००० एवढेच. पण मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की त्या खोलीच्या दराप्रमाणे बदलणारे बाकीचे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. ५,००० मधले ३,००० म्हणजे ६० टक्के. म्हणून सर्जन, भूल, ओटी, व्हिजिटच्या ७०,००० पैकी ४२,०००च धरले जातात. औषधं, साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही प्रमाणात कपात करता येत नाही, ते विमा नियामकानं २०२० पासून बंद केलं आहे. म्हणजे ३२,००० आणि १३,००० पूर्ण धरायचे. बेरीज १,०२,०००. त्यातून १० टक्के को-पे गेला की हातात ९१,८००. खिशातून ५२,२००. विमा रक्कम तीच, ऑपरेशन तेच, हॉस्पिटल तेच. जिथं ४,००० जायचे तिथं ५२,२०० गेले.

हे उदाहरण तुमच्या पॉलिसीतले खरे आकडे घालून सूचनेत जसंच्या तसं द्या. ‘प्रमाणात कपात लागू’ असं लिहून कुणाला काही समजत नाही, ५२,२०० वाचलं की लगेच समजतं. त्याखाली एक ओळ: ‘अ‍ॅडमिट होताना रोज ३,००० पर्यंतची खोलीच मागा.’ खोलीभाड्यात नर्सिंगचा चार्ज धरलाय का, हेही नव्या कंपनीला विचारा. धरला असेल तर २,६०० ची खोली आणि ५०० नर्सिंग मिळून मर्यादा ओलांडली जाते. आयसीयूची मर्यादा वेगळी असते, बहुधा २ टक्के, आणि आयसीयूच्या चार्जेसवर प्रमाणात कपात लावता येत नाही. आणखी एक बारकावा तुमच्या लोकांच्या फायद्याचा आहे. ज्या हॉस्पिटलमध्ये सर्जन, ओटी वगैरेचे दर खोलीप्रमाणे बदलतच नाहीत, तिथं ही कपात लावता येत नाही. छोट्या गावांतल्या बऱ्याच हॉस्पिटलांत दर एकच असतो. तसं असेल तर हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहून घ्यायचं आणि क्लेमला जोडायचं. वरच्या उदाहरणात एवढ्या एका पत्रानं, को-पे धरूनसुद्धा, २५,२०० रुपये वाचतात.

आधीपासूनचे आजार हा दुसरा मुद्दा, पण इथं फार लांबण लावायची गरज नाही. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, आणि बाळंतपणाची नऊ महिन्यांची अट माफ आहे का, हे नव्या पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे. एजंट ‘ग्रुपमध्ये असतंच’ म्हणाला यावर जाऊ नका. शेड्यूलमधलं वाक्य मिळालं की त्याचं मराठी करून सूचनेत टाका.

नावांच्या यादीवर मात्र तुमचा आठवडा जाणार आहे, त्याची तयारी ठेवा. नव्या कंपनीला सगळ्या सभासदांची यादी नव्यानं जाते आणि आपल्याकडच्या आई-वडिलांच्या जन्मतारखा हा अवघड प्रांत आहे. मास्तरांनी लावलेली १ जूनची तारीख एका कागदावर, आधारवर १ जानेवारी, आणि जुन्या पॉलिसीत तिसरंच काहीतरी. टीपीएच्या संगणकात आणि आधारवर वय किंवा नाव वेगळं दिसलं की कॅशलेसची फाइल तिथंच थांबते. सूनबाईंचं माहेरचं नाव आधारवर आणि सासरचं यादीत, हेही नेहमीचंच. सूचनेत सांगा: आधारवर जसं आहे तसंच नाव आणि तीच तारीख द्या, खरी तारीख कोणती हा वाद इथं नको. आई-वडील वगळणं किंवा घालणं फक्त पॉलिसी सुरू होतानाच जमतं. मधल्या वर्षात लग्न आणि बाळ एवढीच दोन कारणं सहसा चालतात. शेवटची तारीख ठळक लिहा.

कार्डं १ तारखेला येणार नाहीत, हेही मोकळेपणानं लिहा. यादी चढून ई-कार्ड निघायला काही दिवस जातातच. तोपर्यंत कव्हर असतं, पण हॉस्पिटलला माणूस सिस्टीममध्ये दिसत नाही. त्या दिवसांसाठी पॉलिसी क्रमांक, कर्मचारी क्रमांक आणि टीपीएच्या एका जबाबदार माणसाचा मोबाइल सूचनेत द्या. तो माणूस रात्री फोन उचलतो का, हे लावण्याआधी एकदा रात्री अकरा वाजता फोन करून बघाच.

नेटवर्क हॉस्पिटलच्या बाबतीत कंपनी तुम्हाला हजारो हॉस्पिटलांची लिंक देईल. ती फलकावर लावून उपयोग नाही. तुमचे लोक राहतात वाळूज, शेजारचं पंढरपूर, बजाजनगरला, पण त्यांचे आई-वडील आठ जिल्ह्यांत विखुरलेले आहेत आणि आजारी पडल्यावर जिल्ह्याच्या हद्दी पाळून कुणी जात नाही. उमरगा, तुळजापूरकडचा पेशंट सोलापूरला जातो. देगलूर, बिलोली, धर्माबादचा नांदेडला किंवा थेट हैदराबादला. आष्टी-पाटोद्याचा अहिल्यानगरला. किनवटच्या माणसाला आदिलाबाद जवळ पडतं. म्हणून तुमच्या यादीतले पत्ते तालुक्यांप्रमाणे लावा, जिथून पाच-दहा कुटुंबं आहेत ते तालुके काढा, आणि तिथले लोक जिथं जातात त्या गावांचीच यादी करा. माझ्या अनुभवात दोनशे लोकांसाठी ती एका पानात बसते.

या यादीत सगळ्यात महत्त्वाचा रकाना वेगळाच असतो: जुन्या नेटवर्कमध्ये होतं, नव्यात नाही. जुन्या कंपनीकडून गेल्या दोन वर्षांतल्या क्लेमचा हॉस्पिटलवार गोषवारा मागा. ज्या हॉस्पिटलांत तुमचे सर्वात जास्त पेशंट गेले, त्यांची नावं एकेक करून नव्या नेटवर्कमध्ये तपासा. एखादं नेहमीचं हॉस्पिटल नसेल तर सूचनेत त्याचं नाव घेऊन लिहा, ‘येथे १ नोव्हेंबरपासून कॅशलेस मिळणार नाही’. आणि ते नेटवर्कमध्ये घ्या, म्हणून नव्या कंपनीच्या मागे लागा. दोनशे कुटुंबांच्या ग्रुपचं त्या बाबतीत ऐकलं जातं.

नावावर विसंबू नका. एकाच नावाच्या हॉस्पिटलच्या दोन शाखांपैकी एक नेटवर्कमध्ये आणि दुसरी बाहेर, असं होतं. हॉस्पिटलांना ‘रोहिणी’ नोंदणीचा १३ आकडी क्रमांक असतो, तो जुळवून बघितला की शंका राहत नाही. शिवाय हॉस्पिटलच्या टीपीए खिडकीला फोन करून विचारा, कारण वेबसाइटवर नाव असतं आणि हॉस्पिटलनं थकलेल्या पैशांपायी त्या कंपनीचं कॅशलेस बंद ठेवलेलं असतं. अजून एक गैरसमज आपल्या भागात हमखास आढळतो. दारावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा बोर्ड दिसला की लोक समजतात इथं आपलं मेडिक्लेमही चालणार. ती सरकारी योजना वेगळी, तिचं हॉस्पिटल नव्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये असेलच असं नाही. एवढी एक ओळ सूचनेत घाला.

नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मिळू शकतं, अशी सोय जनरल इन्शुरन्स कौन्सिलनं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली आहे. ठरवून केलेल्या ऑपरेशनला ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी अ‍ॅडमिट झाल्यापासून ४८ तासांत कळवायचं असतं. पण त्यासाठी हॉस्पिटलही तयार व्हावं लागतं. सूचनेत ‘विचारून पाहा’ एवढंच म्हणा, वचन देऊ नका.

क्लेमची पद्धत लिहिताना कॅशलेसला चार ओळी पुरतात. कार्ड आणि आधार टीपीए खिडकीवर द्या, मंजुरीच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही-शिक्का घ्या, ठरलेलं ऑपरेशन असेल तर दोन दिवस आधी कळवा, डिस्चार्जच्या दिवशी अंतिम मंजुरीची वाट बघा. नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. तीन तासांपेक्षा उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलनं जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीनं सोसायचे आहेत. प्रत्यक्षात हॉस्पिटल कागद कधी पाठवतं यावर सगळं अवलंबून असतं, म्हणून नातेवाइकानं खिडकीवर ‘बिल टीपीएला किती वाजता गेलं?’ हे विचारून वेळ लिहून ठेवावी. पुढं तक्रार करायची तर ती वेळच कामाला येते.

पैसे आधी भरून नंतर मिळवायचे असतील तर अडचण येते ती तालुक्याच्या गावात. गेवराईत किंवा जिंतूरला डेंग्यूनं पाच दिवस अ‍ॅडमिट राहिलेल्या माणसाला हाती मिळतं एक डिस्चार्ज कार्ड आणि एकाच आकड्याचं बिल. ते परत येतं. हॉस्पिटल नोंदणीकृत हवं, किंवा दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि रोजच्या नोंदी असायला हव्यात. म्हणून बिलावर नोंदणी क्रमांक, खर्चाची फोड, पैसे भरल्याची पावती, औषधांच्या बिलासोबत चिठ्ठी आणि रक्ताचे रिपोर्ट हे सगळं हॉस्पिटल सोडण्याआधी मागायला सांगा. पंधरा दिवसांनी परत गेलं की कंपाउंडर बदललेला असतो. कागद जमा करायची मुदत पॉलिसीत असते, ती आकड्यात लिहा. उशीर झाला एवढ्याच कारणावर, उशिराचं कारण खरं असेल तर, क्लेम नाकारू नये असं नियामकानं २०११ मध्येच सांगितलंय, पण हे सूचनेत लिहू नका, नाहीतर कागद दिवाळीचे होळीला येतील. ते तुमच्यापाशी ठेवा, कुणाचा क्लेम अडला तर काढा.

शेवटी तक्रारीची वाट दोन ओळींत द्या. आधी टीपीए, मग विमा कंपनीचा तक्रार अधिकारी, मग नियामकाचं ‘बिमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५ हा टोल फ्री नंबर, आणि तरी सुटलं नाही तर विमा लोकपाल. आपल्याकडच्या तक्रारी पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे जातात, तिथं फी नाही आणि वकीलही लागत नाही. सूचना निदान दोन आठवडे आधी लावा, आणि जुन्या कंपनीच्या हेल्पलाइनचा नंबर जानेवारी अखेरपर्यंत फलकावर राहू द्या, कारण ऑक्टोबरमधल्या पेशंटची डिस्चार्जनंतरची बिलं तोपर्यंत येतच राहतील.